सोनलच्या ताटातले नऊ ग्रॅम

हे लिहून ठेवायचं जवळजवळ राहूनच गेलेलं. तीनदा टाईप केलं, तीनदा डिलीट मारलं. "मी" म्हणून लिहायला बसलो की बोट अडकायचं, कारण यात माझी काही शोभा नाही. मग ठरवलं, "मी" म्हणायचंच नाही. संदेश म्हणायचं. नाव माझंच आहे, पण जरा लांबून बघितलं की खरं लिहायला जमतं.

तर हा संदेश राहतो डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याजवळ. एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंगच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला जातो, तीनला सुटतो, पाचला जिममध्ये. घरात आई रंगूबाई, बायको सोनल आणि अडीच महिन्यांची सान्वी.

आणि संदेश जळतो. आधीच सांगून टाकलेलं बरं. जळतो म्हणजे कधीमधी नाही, रोज. आणि जळतो कोणावर, तर स्वतःच्याच जिगरी दोस्तावर, नीलवर.

नील आणि तो शाळेपासून एका बाकावर. लग्नानंतर नील ठाण्याला वर्तकनगरला शिफ्ट झाला, तरी दिवसातून दहा मेसेज ठरलेले. दोघांच्या बायकांना दिवस गेले ते पण एकाच सुमाराला. नीलचा स्वानंद झाला आणि नऊ दिवसांनी संदेशची सान्वी. तेव्हा दोघांनी फोनवर आरडाओरडा केलेला. पण स्वानंद जन्मताच तीन किलो चारशे, आणि सान्वी दोन सातशे. तिथून संदेशच्या पोटात पहिला खडा पडला.

मग नीलने ग्रुपवर वजनं टाकायला सुरुवात केली. ग्रुपमध्ये चारच जण, पण टाकायचा असा की जणू निकाल लागलाय. "साहेब आज चार किलो." "साहेब पाच किलो पार." खाली फोटो. मांड्यांना वळ्या, मनगटाला वळ्या, गालांत डोळे बुडालेले. बाकीचे हार्ट टाकायचे. संदेश पण टाकायचा आणि मग सान्वीची मांडी चिमटीत धरून बघायचा.

"अहो, काय करताय? झोपलीये ती," सोनल म्हणायची.

"काही नाही. बारीक वाटते ना?"

"तुमच्यावर गेलीये," सोनल हसायची. हसताना हल्ली तिच्या गळ्याची हाडं दिसायची. ते त्याने पाहिलं नव्हतं असं नाही. पण तो बघत होता दुसरीकडे.

आता त्या घरातलं रात्रीचं जेवण कसं व्हायचं ते सांगायला पाहिजे. साडेआठला संदेश बसायचा. त्याच्या फोनमध्ये एक ॲप आहे, त्यात तो घास न् घास टाकतो. दिवसाला एकशे दहा ग्रॅम प्रोटीन हे त्याचं टार्गेट, जिमच्या बंटीने, ग्रुपमधलाच तो, ठरवून दिलेलं. रात्री उकडलेली चार अंडी, म्हणजे चोवीस ग्रॅम. वर कधी चिकन, कधी पनीर. एक अंडं म्हणजे सहा ग्रॅम, एक वाटी घट्ट डाळ म्हणजे सात, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. आणि ती चार अंडी उकडायची आणि सोलायची सोनल. एका खांद्यावर सान्वी, दुसऱ्या हाताने टरफल काढतेय, असं.

त्याचं झालं की रंगूबाई जेवायची. मग सोनल बसायची, आणि तिचं ताट वेगळं. सोनलची आई ती कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं आणि ते रंगूबाईच्या हातात होतं. रंगूबाईचे नियम पक्के. अंडं उष्ण, दूध पिणाऱ्या पोराच्या अंगावर उठतं. दही थंड. कडधान्य वातूळ, पोराचं पोट फुगतं. भाकरी जड. डाळ पण पाणीदारच, घट्ट नको. मग राहिलं काय? मऊ भात, मुगाचं पातळ वरण, वर तूप, आणि दुधी. दुधी कंटाळवाणा झाला की दोडका.

"बाळंतिणीनं हलकं खावं," रंगूबाई म्हणायची. "महिनाभर सगळ्याच खातात तसं."

महिना होऊन दीड महिना लोटला होता. ताट तेच होतं.

एका मंगळवारी संध्याकाळी नीलने ग्रुपवर स्वानंदऐवजी ताटाचा फोटो टाकला. त्याच्या बायकोचं, ऐश्वर्याचं ताट. बाजरीच्या दोन भाकऱ्या, अंड्याची आमटी आणि तिच्यात अख्खी दोन अंडी, मेथीची भाजी, वाटीभर घट्ट डाळ, भाकरीवर तूप, आणि कडेला डिंकाचा लाडू. खाली लिहिलेलं, "सासूबाई ऑन ड्युटी. मला फक्त वास घ्यायची परमिशन आहे."

सोनलने तो फोटो संदेशच्या खांद्यावरून बघितला. म्हणाली, "ऐश्वर्याची आई साताऱ्याहून आलीये ना?" आणि आत गेली.

संदेशला राग आला. कोणाचा, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. नीलचा आला असं त्याने धरलं.

दुसऱ्या दिवशी सान्वीचा दहा आठवड्यांचा डोस. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दोघं तिला घेऊन गेले. नर्सने सान्वीला काट्यावर ठेवलं. चार किलो सातशे. संदेशने मनात लगेच वजाबाकी केली. स्वानंद पाच नऊशे. एक किलो दोनशेचा फरक.

"कमी आहे का?" त्याने विचारलं.

"कशाला कमी?" नर्सने कार्डावरच्या रेघेवर टिंब दिलं. "जन्मापासून दोन किलो वाढलीये. छान चाललंय. रेघ बघा ना, शेजारचं पोर कशाला बघता?"

तेवढ्यात सोनल सान्वीला उचलायला वाकली, आणि वाकली ती तशीच टेबलाला धरून राहिली. चेहरा पांढराफटक. नर्सने पटकन सान्वीला घेतलं, सोनलला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"हे कधीपासून होतंय?"

"उठताना होतं कधीकधी," सोनल म्हणाली. "झोप नाही ना होत."

नर्सने तिलाही काट्यावर उभं केलं. पंचेचाळीस किलो. दिवस जायच्या आधी किती होतीस? एकोणपन्नास. नर्सने जीभ टाळ्याला लावून टक् केलं आणि दोघांना शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे आहारतज्ज्ञ उत्तरा मॅडम बसतात, बुधवारी आणि शुक्रवारी. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, टेबलावर स्टीलच्या तीन वाट्या आणि चमचे मापाला ठेवलेले.

"खाणंपिणं कसं आहे?" त्यांनी विचारलं.

सोनल म्हणाली, "घरात सगळं असतं." हे खरं होतं. घरात सगळं असायचं.

मॅडम तिच्याकडे जरा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दिवसभराचं विचारलं की माणूस गोंधळतो. एक काम करा. आज रात्रीचं एक जेवण मोजून लिहा. ताटात काय, ही एवढी वाटी धरून किती वाट्या, किती चमचे. जसं असेल तसं. सणासारखं जेवण करून लिहू नका. कोण लिहील?"

"मी," संदेश म्हणाला. "मला सवय आहे. मी माझं रोज मोजतो."

"वा!" मॅडम म्हणाल्या. आणि त्या 'वा'ने तो फुगला.

बाहेर आल्यावर त्याने ते नीलला सांगितलं, तिथेच चुकलं. नीलचा लगेच रिप्लाय. "आमच्या डॉक्टरने पण असाच कागद मागितलेला. भारी निघाला. तुझा लिहिलास की पाठव, दोघींचं कम्पेअर करू." आणि दात काढलेला इमोजी.

कम्पेअर करू.

त्या रात्री संदेशने चार अंडी खाल्ली, ॲपमध्ये टाकली. मग वही घेऊन सोनलसमोर बसला आणि वाट्या मोजल्या. भात दीड वाटी. वरण एक वाटी, पातळ, खालचा वाटीचा तळ दिसेल असं. दुधी एक वाटी. तूप दोन चमचे. बस.

वहीत तारीख टाकली. "भात" लिहिलं. पुढे हात जाईना. त्याला तो कागद ग्रुपवर पडलेला दिसला. शेजारी ऐश्वर्याचं ताट, लाडवासकट. बंटी बघणार, नील बघणार. "भाई एकशे दहा ग्रॅमवाला, आणि बायको दुधीवर" असं कोणीतरी म्हणणार. म्हणणारच. त्यांच्या जागी संदेश असता तर तोच म्हणाला असता.

"लिहिलंत?" सोनलने जेवता जेवता विचारलं.

"लिहितोय ना."

त्याने ते पान फाडलं. नवीन पानावर फोनमधला नीलचा फोटो बघून लिहिलं. बाजरीची भाकरी दोन. अंडी दोन. मेथी एक वाटी. डाळ घट्ट, एक वाटी. तूप एक चमचा. डिंकाचा लाडू एक. अक्षर पण चांगलं काढलं. वाटलं, उद्यापासून हेच करायला लावू घरी, मग खोटं पण नाही राहणार. माणूस स्वतःला असं काय काय सांगतो.

दुसऱ्या दिवशी रात्री दुधीऐवजी दोडका होता. बाकी तेच.

शुक्रवारी सुट्टी टाकून तो सोनलला आणि सान्वीला घेऊन गेला. आत जाताच सान्वीने भोकाड पसरलं, तशी सोनल तिला घेऊन पलीकडे पडद्यामागे पाजायला बसली. संदेशने एकट्याने वही पुढे केली.

मॅडमनी चष्मा चढवला आणि कागदावर बाजूला आकडे टाकत गेल्या. त्यांची बोलता बोलता हिशेब करायची सवय होती. "बघा हं. बसून काम असणाऱ्या बाईला दिवसाला साधारण साडेसोळाशे कॅलरी लागतात. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने त्यावर सहाशे. का, तर दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध तयार होतं, ते काय हवेतून येतं? म्हणजे झाले साडेबावीसशे. प्रोटीन शेहेचाळीस, वर सतरा, म्हणजे त्रेसष्ट ग्रॅम. रात्रीच्या जेवणात त्याचा तिसरा हिस्सा धरू. साडेसातशे कॅलरी आणि एकवीस ग्रॅम. यापुढे तुमचं ताट ठेवू."

संदेशला हे सतरा वरचे माहीत नव्हते. बंटीने कधी सांगितले नव्हते.

"भाकऱ्या दोन, तीनशे वीस, प्रोटीन दहा. अंडी, दीडशे आणि बारा. डाळ एकशे वीस, सात. मेथी ऐंशी, तीन. लाडू एकशे नव्वद, तीन. तूप पंचेचाळीस." पेन थांबलं. "नऊशे पाच. पस्तीस ग्रॅम. अहो, हे तर उत्तम आहे. कोण करतं एवढं?"

"आई," संदेश म्हणाला. कान गरम झालेले.

"दुपारी पण असंच?"

"हो. साधारण."

मॅडमच्या कपाळावर आठी आली. "मग मला हे आवडत नाहीये."

"का? चांगलं आहे ना?"

"म्हणूनच. एवढं खाऊन बाईचं वजन चार किलोनी उतरतंय, चक्कर येतेय, म्हणजे कुठेतरी गळतंय. खाणं कमी असतं तर मी म्हटलं असतं, वाढवा. इथे वाढवायला काय आहे?" त्यांनी चिठ्ठी ओढली. "बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडू शकतं. रक्त, साखर, थायरॉईड. छातीचा फोटो पण काढून घ्या, टीबी नाही ना ते बघायला. कल्याणच्या हॉस्पिटलला लिहून देते. घाबरू नका, पण लांबवू पण नका. पाजणं चालू ठेवा."

नेमका तेव्हाच सोनलने पडदा सरकवला. शेवटचं बोलणं तिने ऐकलं होतं, पण डोक्यात राहिला तो एकच शब्द, टीबी.

रिक्षात ती सान्वीला दुपट्यात गुंडाळून स्वतःपासून जरा दूर धरून बसली होती, तोंड दुसरीकडे करून. जणू तिचा श्वास पोरीला लागेल.

"अगं, फक्त टेस्ट आहे," संदेश म्हणाला.

"जेवण बघून काय म्हणाल्या?"

"बरं आहे म्हणाल्या."

"बरं आहे?" सोनलने मान वळवली. बघत राहिली. मग पुन्हा बाहेर बघायला लागली.

घरी रंगूबाईने सगळं ऐकलं आणि पदर खोचला. "छातीचा फोटो? बास. आधी पाजणं बंद कर, सोनल. रोगाचं दूध नको माझ्या नातीला. संदेश, जा, मेडिकलमधून डब्याचं दूध आण."

"आई, मॅडम म्हणाल्या चालू ठेवा," सोनल म्हणाली.

"मॅडमची नात आहे का ती?"

सोनल रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. "एवढं एकच करते मी तिच्यासाठी," ती म्हणाली. "ते पण काढून घ्या." सान्वीला तिने छातीशी घट्ट धरलं, आणि मग घाबरून सोडलं, आणि परत धरलं. ते तीन सेकंद संदेशने बघितले आणि तो चप्पल घालून जिना उतरला.

मेडिकलसमोर चार जण होते. रांगेत उभा राहून त्याने फोन काढला तर नीलचा मेसेज. "कागद कुठाय?" सवयीने, विचार न करता, त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. अर्ध्या मिनिटात नीलचा फोन.

"अरे ए संद्या, हे तर आमचं ताट आहे."

"कशावरून?"

"मेथी, लाडू, तूप एक चमचा! भाकऱ्यांसकट उचललंस की. अबे, कॉपी तर नीट मारायची. दहावीत पण असाच पकडलेला तू."

नील हसत होता. आणि संदेशचं डोकं सटकलं. "हो, उचललं! काय करशील? तुझी सासू आलीये साताऱ्याहून. तुझा पोरगा पाच नऊशे. रोज टाकायचं ग्रुपवर, साहेब एवढे, साहेब तेवढे. आमची पोरगी काय कचरा आहे काय? आम्हाला कोण आहे रे करायला? जळतो मी, कळलं? रोज जळतो."

रांगेतल्या काकू मागे वळून बघायला लागल्या. पलीकडे नीलचं हसणं थांबलं होतं.

"बरं," नील म्हणाला. "ते आपण नंतर भांडू. सोनल काय जेवली त्या दिवशी? खरं."

"भात. दीड वाटी."

"आणि?"

"वरण. पातळ. दुधी. तूप दोन चमचे."

"संद्या, तू तुझी सगळी गणितं करतोस ना? मला बदाम मोजून खायला लावतोस. हे कर की."

करायला काही कष्ट नव्हते. तोंडपाठच होतं सगळं. भात, दोनशे दहा कॅलरी आणि चार ग्रॅम. तसलं वरण, सत्तर आणि चार. दुधी, साठ आणि एक. तुपाचे नव्वद, प्रोटीन शून्य. चारशे तीस. साडेसातशे पाहिजे होते. आणि प्रोटीन नऊ.

"नऊ," तो मोठ्याने म्हणाला. "एकवीस पाहिजे. नऊ आहे."

दोन अंडी म्हणजे बारा. नऊ आणि बारा एकवीस. कमी पडलेली नेमकी तेवढीच. आणि रोज रात्री त्याच्या ताटात चार असायची, तिनेच सोललेली.

"फोन ठेव," नील म्हणाला, "आणि त्या मॅडमकडे जा. आत्ता. टेस्ट करायला लागलास तर ती बिचारी घाबरूनच अर्धी होईल."

दुकानदाराने विचारलं, "काय देऊ?" संदेश म्हणाला, "काही नाही," आणि पळतच आरोग्य केंद्रात गेला. मॅडम वाट्या धुवून पिशवीत भरत होत्या.

"मॅडम, ते ताट माझ्या मित्राच्या बायकोचं होतं."

मॅडमना आधी कळलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं, फोटो, ग्रुप, लाडू. आणि खरं ताट सांगितलं. त्या परत खुर्चीत बसल्या.

"तुम्हाला कळतंय का, मी तिला टीबीच्या तपासणीला पाठवत होते?"

"हो."

"जिमला जाता ना? दंड बघून वाटलंच." त्यांनी चिठ्ठी परत मागून घेतली. "बाळ व्यवस्थित वाढतंय, कारण दूध येतंय. दूध लगेच आटत नाही हो. आईने खाल्लं नाही तर तिच्या अंगातून काढून घेतलं जातं. पोरीचं वजन चढतंय आणि आईचं उतरतंय, हे मी पहिल्याच दिवशी एका ओळीत वाचायला पाहिजे होतं, पण तुमच्या मेथीने मला फसवलं." त्यांनी चिठ्ठीवरच्या तीन गोष्टींवर काट मारली. "रक्त तपासा. हिमोग्लोबिन बघायचंच आहे, चक्कर आहे. बाकीचं थांबवू. दोन आठवडे पोटभर जेवू दे, परत वजन करू. नाही वाढलं तर मात्र सगळ्या टेस्ट. मान्य?"

"मान्य. काय देऊ तिला?"

"आहे तेच ताट. त्यात एक भाकरी आणि दोन अंडी घाला. चारशे तीसचे सातशे चाळीस होतात, नवाचे सव्वीस. आकाशातून काही आणायचं नाहीये. मधल्या वेळेला शेंगदाणे-गूळ, दूध. अंडं नको असेल त्या दिवशी उसळ आणि दही."

"आई म्हणते, अंडं उष्ण. उसळीने पोराला गॅस."

"सासूबाईंना म्हणावं, एकदा देऊन बघू. पोरीला खरंच काही झालं तर मला फोन करा. मी ओरडा खाईन."

त्या रात्री साडेआठला संदेश बसला. सोनलने चार अंडी सोलून त्याच्या ताटात ठेवली, डोळे सुजलेले. जिना चढून आल्या आल्या त्याने तिला सगळं सांगितलं होतं. ती फक्त म्हणालेली, "मला आज दिवसभर वाटतंय की मी मरणार. आणि तुम्हाला ग्रुपची पडलेली."

तो उठला, दुसरं ताट घेतलं. भाकरी ठेवली. दोन अंडी उचलून त्यात ठेवली. "सोनल, बस."

"काय चाललंय?" रंगूबाई स्वयंपाकघराच्या दारात. "अंडं देतोस तिला? पोरीच्या अंगावर पुरळ उठेल."

"उठलं तर मॅडमना फोन करायचाय. नंबर दिलाय."

"आणि माणसांच्या आधी बसवतोस?"

"ती माणूस नाही का?"

मग रंगूबाई जे बोलली ते संदेशला अपेक्षित नव्हतं. "मला कोणी दिलं होतं रे अंडं?" तिचा आवाज चिरकला. "तुझ्या वेळेला तुझ्या आजीनं दोन महिने भात न् पाणी घातलं मला. दात हलले माझे. घरात कोंबड्या होत्या आठ. तुझे काका खायचे. मी कोपऱ्यातून बघायची. तेव्हा कोणी नाही उठलं स्वतःच्या ताटावरून."

म्हणजे घरात जळणारा तो एकटा नव्हता. तीस वर्षं त्या अंड्यांचा वास तिच्या नाकातून गेला नव्हता, आणि तिने उष्ण-थंड म्हणून तेच सुनेला वाढलं होतं.

सोनलने ताटातलं अंडं मोडलं, अर्धं उचललं आणि रंगूबाईपुढे धरलं. "घ्या आई."

"मी नाही हो खात. शुक्रवार आहे."

"मग उद्या उकडते तुमच्यासाठी."

"उद्याचं उद्या. तू खा. गार होईल," रंगूबाई म्हणाली आणि आत जाऊन उगाच भांडी आपटत बसली. सोनलने खाल्लं. दोन्ही अंडी, भाकरी, सगळं. शेवटी बोट लावून तूपसुद्धा पुसून खाल्लं. संदेश बघत होता. त्याला तेव्हा कळलं की तिला भूक लागायची. रोज. ती कधी बोलली नव्हती एवढंच.

सान्वीच्या अंगावर काही उठलं नाही.

रविवारी नील आणि ऐश्वर्या वर्तकनगरहून आले, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. स्वानंदला सान्वीच्या शेजारी गादीवर ठेवलं. तो खरंच केवढा तरी दिसत होता, आणि संदेशच्या पोटात परत तो खडा हलला. जात नाही तो असा. दोघं गॅलरीत उभे राहिले.

"अजून जळतोस?" नीलने विचारलं.

"हो."

"मी वजनं टाकणं बंद करतो मग."

"नको. टाक. तुझा पोरगा आहे." संदेशने आत बघितलं. सोनल एका हाताने लाडू खात होती आणि ऐश्वर्याला काहीतरी सांगून हसत होती. गळ्याची हाडं अजून तशीच होती, वजनाला अजून बारा दिवस बाकी होते. काय निघेल कोणाला माहीत. "पण ऐक. तुला एक शब्द देतो."

"डायलॉग नको मारू."

"नाही मारत. तिचं ताट पहिलं वाढीन. मी, माझ्या हाताने. ते भरल्याशिवाय माझं ॲप उघडणार नाही. आणि कधी तिच्या ताटात कमी पडलं, तर तुझ्या ताटातून चोरून लिहिणार नाही. तुला फोन करून सांगीन, आज कमी पडलं. जळत जळत सांगीन, पण खरं सांगीन."